वीस नकोत, चार घ्या. त्याही दिवाळी उरकल्यावर

पत्र

नमस्कार दादा,
आम्ही चोपडा तालुक्यातले. चार एकर जमीन, विहिरीचं पाणी. एक एकरात कांद्याचं बी करतो, करारावर, किलोला ६०० रुपये. दीड एकर कपाशी असते. बाकी रानात पावसाळ्यात मका आणि हिवाळ्यात सूर्यफूल, धने. बांधावर शेवग्याची चाळीसेक झाडं आहेत. गावात एकजण येऊन गेला. २० मधपेट्या घ्या म्हणतो, १ लाख २० हजाराला. पेटीमागे वर्षाला ४० किलो मध निघेल आणि तो आम्हीच परत घेऊ, असं त्याचं म्हणणं. मिस्टर आगाऊ द्यायला तयार आहेत, मी अडवून धरलंय. मागच्या साली बी जेमतेम सव्वा क्विंटल निघालं, निम्मे गोंडे पोकळ होते. कोणी म्हणतं माशा नव्हत्या म्हणून. पेट्या घ्याव्या का, किती, आणि कधी?
— एक वाचक ताई

उत्तर

ताई, अडवून धरलंत ते बरं केलंत. आगाऊ देऊ नका. चार पेट्या घ्या, आणि त्याही दिवाळी उरकल्यावर. मिस्टरांचा विचार चुकीचा नाही, फक्त वीसचा आकडा चुकीचा आहे. त्यांना हे पत्र वाचायला द्या, म्हणजे घरात वाद नको.

पेटीला ४० किलो मध निघतच नाही असं नाही. पण तो त्यांना निघतो जे पेट्या ट्रकमध्ये घालून फुलांच्या मागे फिरतात. हिवाळ्यात राजस्थानात मोहरीवर, मग बिहारात लिचीवर, असं त्यांचं वर्ष चालतं. तुमची पेटी एका जागी राहणार. माशी सहसा दोन-तीन किलोमीटरच्या आतच चरते, आणि तिला तुमचा बांध कळत नाही. दोन किलोमीटरचा फेरा धरला तरी तीन हजार एकरांच्या वर रान होतं. म्हणजे तुमच्या चार एकरांवर पेटी जगणार नाही आणि मरणारही नाही. गावाने काय पेरलंय, त्यावर ठरणार. एका जागच्या पेटीचा मध मी आपल्याकडे वर्षाला ८ ते १२ किलो धरतो. त्याहून जास्त निघाला तर पेढे वाटा.

आता तुमच्या गावाचं वर्ष माशीच्या नजरेने बघू. दिवाळीनंतर तुरीला फूल असतं, कपाशीचं शेवटचं फूल असतं, आणि फवारण्या थांबत आलेल्या असतात. डिसेंबर-जानेवारीत धने आणि सूर्यफूल. त्याच सुमाराला शेवगा पांढरा होतो. फेब्रुवारी-मार्चला तुमचे कांद्याचे डोंगळे. मग कडुनिंब, आणि नाल्याकाठी करंज असेल तर तो. इथपर्यंत माशी मजेत असते. नोव्हेंबर ते एप्रिल हे आपलं सुगीचं अर्धं वर्ष.

उरलेल्या अर्ध्या वर्षाबद्दल विकणारा बोलत नाही. मेमध्ये ४४-४५ अंश तापतं, रानात हिरवं म्हणून केळी तेवढी. जून-जुलैत पाऊस लागतो, फूल नसतं. मक्याच्या तुऱ्यावरून परागकण मिळतात, त्याने पिल्लं पोसली जातात, पण मध मिळत नाही. ऑगस्टपासून कपाशी फुलते, आणि तेव्हाच तिच्यावर तुडतुड्यांच्या, पांढऱ्या माशीच्या, पुढे बोंडअळीच्या फवारण्या सुरू होतात. खान्देशात मधमाशीचा धंदा मे ते सप्टेंबर या पाच महिन्यांत टिकतो किंवा बुडतो. पेट्या किती घ्यायच्या हे ज्या महिन्यांत मध मिळतो त्यांवरून ठरवू नका. ज्या महिन्यांत साखर चारावी लागते, त्यांवरून ठरवा.

साखरेचा हिशोब सोपा आहे. फुलं नसतात त्या साधारण बारा आठवड्यांत एका पेटीला आठवड्याला किलोभर साखर लागते. चार पेट्यांना म्हणजे एक पोतं. वीस पेट्यांना पाच पोती, ती सुद्धा खरिपाच्या पेरणीच्या दिवसांत, जेव्हा घरात बी-खताला पैसे लागतात. तेव्हा माणूस म्हणतो, पुढच्या आठवड्यात चारू. त्या एका आठवड्यात पेटी रिकामी होते.

पाक असा करायचा: एक लिटर उकळलेल्या पाण्यात एक किलो साखर, पूर्ण थंड करून, दिवस मावळल्यावर पेटीच्या आत ठेवायचा. वर काड्या टाका, नाहीतर माशा बुडतात. गूळ वापरू नका, त्याने माशांना हगवण लागते. आणि पाक सगळ्या पेट्यांना एकाच दिवशी द्या, थेंबही बाहेर सांडू नका. एका पेटीचा वास दुसरीला लागला की दांडगी पेटी अशक्त पेटीला लुटते. तासाभरात दारात मारामारी, आणि संध्याकाळी एक पेटी मेलेली.

उन्हाचा धडा मी स्वतःच्या खिशातून शिकलो. माझ्या सुरुवातीच्या वर्षी पेट्या शेडच्या पत्र्याला लागून ठेवल्या होत्या, सावली आहे म्हणून. मेच्या एका दुपारी दोनच्या सुमाराला बघतो तर एका पेटीच्या दारातून मध ओघळतोय. आत मेण मऊ पडून मधाने जड झालेलं पोळं फ्रेममधून निसटून खाली बसलं होतं. पिल्लं त्याखाली, राणीही त्यातच. पत्र्याने सावली दिली, पण भट्टीही तोच झाला. तेव्हापासून माझ्या पेट्या एप्रिलच्या मध्याला केळीच्या बागेच्या कडेला, नसेल तर दाट आंब्याखाली जातात. वर ओलं गोणपाट, आणि दहा पावलांवर पाण्याची पसरट थाळी. थाळीत खडे टाका, माशी खड्यावर बसून पाणी पिते. ते पाणी ती आत नेऊन पंखांनी वारा घालते आणि पेटी थंड करते. थाळी कोरडी पडली की ती शेजाऱ्याच्या गोठ्यातल्या हौदावर जाते, आणि मग गावात बोभाटा होतो. पेट्या बैल-म्हशी बांधता तिथून लांबच ठेवा, बांधलेल्या जनावराला पळता येत नाही.

जागा हलवताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. पेटी पाच-दहा फूट सरकवायची असेल तर रोज फूट-दोन फूट सरकवा. एकदम शे-दोनशे फुटांवर नेलीत तर दुसऱ्या दिवशी चरायला गेलेल्या माशा जुन्याच जागी येऊन घोंगावतात आणि मरतात. एकदम हलवायची तर रात्री दार बंद करून चार-पाच किलोमीटरच्या पलीकडे न्या. म्हणून पहिल्या वर्षीच अशी जागा निवडा की उन्हाळ्यातही तिथेच राहता येईल.

फवारणीचं काय करायचं, हे तुम्ही विचारलं नाही. पण दीड एकर कपाशी तुमचीच आहे आणि भोवती बाकी गावाची. विष बसलेली पेटी ओळखायला सोपी असते. सकाळी दारासमोर मूठ-दोन मुठी मेलेल्या माशा, बऱ्याच जणींच्या जिभा बाहेर, काही गोल गोल फिरत पडलेल्या. रोज दहा-वीस मेलेल्या दिसल्या तर घाबरू नका, कामकरी माशी हंगामात दीड महिन्यात म्हातारी होते. ढीग दिसला तर ते औषध. उपाय औषधाच्या दुकानात मिळत नाही, शेजाऱ्यांशी बोलण्यात आहे. फुलावरच्या पिकावर दिवसा मारू नका, सूर्य बुडाल्यावर मारा, आणि आदल्या दिवशी एक फोन करा, एवढंच मागायचं. फोन आला तर माशा घरी आल्यावर दाराला जाळी लावून पेटी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बंद ठेवा, वर ओलं गोणपाट. त्याहून जास्त कोंडली तर आतल्या आत गुदमरते. कपाशीवर मध मिळतो हे खरं, पण माझ्या हिशोबात मी तो धरत नाही. कपाशीत पेटी जिवंत राहिली की मला पुरे.

आता तुमच्या पोकळ गोंड्यांकडे येतो, कारण तुमची खरी कमाई मला तिथे दिसते.

कांद्याचा एक गोंडा हातात घ्या. त्यात शेकडो बारीक फुलं, सगळी एकदम उमलत नाहीत, दोन-तीन आठवडे चालतं. प्रत्येक फुलाचे परागकण आधी झडतात आणि त्याचं स्त्रीकेसर नंतर तयार होतं. म्हणजे त्या फुलाला स्वतःचा पराग उपयोगी पडत नाही, दुसऱ्या फुलावरून आणावा लागतो, आणि हे काम वाऱ्याने फारसं होत नाही. पोकळ गोंडे बहुतेक याचेच. अर्थात फुलकिड्यांनी खाल्लेला किंवा करप्याने वाळलेला गोंडाही पोकळ राहतो. फरक असा: रोगाचा गोंडा तपकिरी, वाळका दिसतो आणि दांड्यावर जांभळट डाग असतात. माशीविना राहिलेला गोंडा हिरवा, धडधाकट दिसतो, पण चिमटीत बोंड फोडलं तर आत बी नाही, नाहीतर एखादंच. मागच्या वर्षीचे तुमचे कुठले होते, आठवून बघा. वाळलेले असतील तर पेट्या आणून फरक पडणार नाही.

कांद्याच्या फुलाची एक खोड आहे. त्याच्या मधुरसात पोटॅशियम फार, माशीला तो आवडत नाही. जवळ धने फुलात असेल तर ती कांद्याकडे ढुंकून बघत नाही. तुमच्याकडे दोन्ही आहेत, म्हणून वेळ जुळवावी लागेल. धने ऑक्टोबरअखेर पेरा, म्हणजे डोंगळे फुलायच्या आत त्यांचा बहर सरतो. ते फूल वाया जात नाही. जानेवारीभर धने-सूर्यफुलावर माशी वाढते, राणी जोरात अंडी घालते, आणि अंड्यापासून कामकरी माशी बाहेर यायला २१ दिवस लागतात. डोंगळे फुलतात तेव्हा चरणारी फौज तयार असते. डोंगळ्यांत शंभरातले दहा गोंडे उमलले की पेट्या वावराच्या कडेला असाव्यात, त्याआधी नको. आधी आणल्या तर माशी दुसरीकडची वाट पकडते आणि सोडत नाही. पेट्या चार-पाच किलोमीटरपलीकडच्या रानात असतील तर तेव्हाच रात्रीतून आणा. एकच रान असेल तर दोन पेट्या डोंगळ्यांच्या बाजूला तोंड करून आधीपासून ठेवा, तेवढं चालतं. एकराला दोन-तीन पेट्या पुरतात. आणि डोंगळे फुलात असेपर्यंत फुलकिड्यांची फवारणी बंद. जी मारायची ती फुलायच्या आधी. कंपनीच्या माणसाला पेट्यांची गोष्ट आधी सांगा. शेजारच्या शिवारात दुसऱ्या जातीचं बी असेल तर माशी ते मिसळवते, आणि कंपनी तुमचं बी नापास करू शकते.

पेट्या घेताना माशी मेलिफेरा, म्हणजे परदेशी जातीची असावी. आपली सातेरी गुणी आहे, पण ती डोंगराकडची. आपल्या उन्हात आणि उपासात ती पेटी सोडून जाते. आग्या पेटीत राहत नाही, हे सांगायला नको.

घेताना वरचं झाकण उघडून, एकेक फ्रेम उचलून बघा. त्याशिवाय पैसे काढू नका. आठ फ्रेम दोन्ही बाजूंनी माशांनी झाकलेल्या हव्यात. आठ म्हणून चार फ्रेमचं बळ देणारे बरेच आहेत. त्यांतल्या तीन-चार फ्रेमवर बंद घरांतली पिल्लं सलग असावीत, चाळणीसारखी तुटक नसावीत. चाळणी दिसली तर राणी म्हातारी आहे नाहीतर पिल्लांना रोग आहे. माशांच्या अंगावर तांबडे, गोल, टाचणीच्या डोक्याएवढे किडे दिसले तर ती वरोआ, तो व्यवहारच नको. आणि हे सगळं नोव्हेंबरमध्ये. जूनमध्ये स्वस्त देतो म्हणणारा त्याच्या उपाशी पेट्या तुमच्या गळ्यात मारतोय.

पावसाळ्यात मेणकिडा येतो. पोळ्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बोगदे आणि काळी बारीक घाण दिसली की तोच. तो दांडग्या पेटीत सहसा टिकत नाही. अशक्त पेटीत माशांनी न झाकलेल्या फ्रेम राहिल्या की तिथे घर करतो. म्हणून जूनमध्ये जेवढ्या फ्रेमवर माशी आहे तेवढ्याच आत ठेवा, बाकीच्या काढून हवाबंद पिशवीत बांधा. दर दहा दिवसांनी तळ झाडा. स्टँडच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्यांसाठी.

मध काढायची वेळ फेब्रुवारीअखेर आणि पुन्हा एप्रिलमध्ये. फ्रेमवरची चारातली तीन घरं माशांनी मेणाने बंद केली असतील तरच काढा. शंका आली तर फ्रेम आडवी धरून एक झटका द्या. थेंब उडाले तर मध कच्चा आहे, परत आत ठेवा. कच्च्या मधात पाणी २० टक्क्यांच्या वर असतं. तो महिन्या-दोन महिन्यांत फसफसतो, बाटलीचं झाकण उघडताना फुस्स करतो आणि आंबूस वास येतो. सगळा काढू नका, मेसाठी दोन भरलेल्या फ्रेम आत राहू द्या. साखर चारण्याच्या दिवसांतला मध तर काढायचाच नाही. तो मध नसतो, तुमचीच साखर असते.

सूर्यफुलाचा मध लवकर थिजतो, कांद्याच्या मधाला सुरुवातीला जरा उग्र वास असतो. गिऱ्हाईक थिजलेला मध बघून साखर म्हणतं. बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवली की पातळ होतो, हे विकतानाच सांगा. गॅसवर ठेवू नका.

आता पैशांचं. त्या माणसाने सांगितलेल्या दराने चार पेट्यांचे २४ हजार. दोन जाळीच्या टोप्या, हातमोजे, धुराडं, पटाशी, स्टँड मिळून ३ हजार धरा. साखर सव्वादोन हजार. मध काढायचं यंत्र घेऊ नका, पहिली दोन वर्षं कोणाचं तरी मागून आणा. एकूण सव्वा एकोणतीस हजार. पेटीला १० किलो धरला तर ४० किलो मध. घरून, ओळखीत, किलोला ४०० ने गेला तर १६ हजार. तोच मध ठोकवाल्याला १२० ने दिला तर ४,८००. डोंगळ्यांत माशीमुळे एकरी १५ किलो बी जास्त बसलं तर तुमच्या कराराच्या भावाने ९ हजार. म्हणजे पहिल्या वर्षी २५ हजार आत, चार हजारांनी कमी. दुसऱ्या वर्षी खर्च साखर आणि मेणपत्र्यांचा, साधारण पाच हजार, त्यामुळे वीसेक हजार हातात राहू शकतात. चारातली एक पेटी गेली तर ती भरून काढायला सहा हजार वजा करा, एखादी जातेच.

हाच हिशोब वीस पेट्यांना लावून बघा. मध पाचपट होत नाही, कारण फुलं तेवढीच. दोनशे किलो तर सोडा, निघेल तेवढाही ओळखीत खपणार नाही, म्हणजे ठोकाचा भाव आला. 'परत घेऊ' म्हणणाऱ्याकडे भाव आणि मुदत कागदावर लिहून मागा. तो कागद देतो का, तेवढ्यावरून तुम्हाला कळेल.

पेट्या नोव्हेंबरमध्ये घ्यायच्या तर प्रशिक्षण त्याआधी. पालच्या किंवा ममुराबादच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. राज्य खादी ग्रामोद्योग मंडळाच्या मध केंद्र योजनेत निम्मं अनुदान असतं, त्यासाठी जिल्हा ग्रामोद्योग कार्यालयात अर्ज करावा लागतो आणि त्यांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. अर्ज तुमच्या नावावर करा. मिस्टर कपाशीत असतात, पेटी दर दहा दिवसांनी उघडायला घरात असणारं माणूस लागतं. आणि प्रशिक्षणात माशी चावली तर अंगाकडे लक्ष ठेवा. अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले किंवा दम लागला, तर लगेच डॉक्टरांना दाखवा आणि चार पेट्याही घेऊ नका.